उभ्याने उठणे आणि पंखावर जाणे : प्रस्तावना

रेवस बंदराच्या परिसरात विमानासारखे धावत येऊन उतरणाऱ्या ड्रोनसाठी जागा नाही. एका अंगाला धरमतर खाडीचे मुख, समोर करंजा, मागे कांदळवन, आणि त्याच्याही मागे खारभूमीची शेते व त्यांना भरतीपासून राखणारे मातीचे बांध. उधाणात बाहेरकाठ्याला खांड पडली की खारे पाणी शेतात शिरते. ती नेमकी कुठे पडली हे शोधायला चिखलातून मैलोनमैल बांध तुडवावा लागतो. हे काम चार प्रोपेलरचे मल्टिकॉप्टर करू शकते, पण त्याची बहुतेक वीज स्वतःचे वजन हवेत धरून ठेवण्यातच खर्ची पडते. पंखाचे ड्रोन तेवढ्याच बॅटरीत कितीतरी लांब जाते, मात्र ते उडवायला आणि मुख्य म्हणजे उतरवायला मोकळे मैदान लागते. दोन्ही गरजा एकाच यंत्राने भागवायच्या तर ते हेलिकॉप्टरसारखे उठले पाहिजे आणि विमानासारखे गेले पाहिजे. या दोन अवस्थांमधल्या काही सेकंदांना ट्रान्झिशन म्हणतात. या विषयात पाऊल ठेवणाऱ्या वाचकाचे मी त्या सेकंदांमध्येच स्वागत करतो, कारण बाकीचे पुष्कळसे शास्त्र त्याला विमानाच्या किंवा मल्टिकॉप्टरच्या पुस्तकात मिळेल.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेत बेल कंपनीच्या एक्सव्ही-३ या विमानाने डिसेंबर १९५८मध्ये रोटर पूर्ण पुढे झुकवून पंखावर उड्डाण केले. आपल्याकडे, खाडीपलीकडच्या नवी मुंबईत, आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी २००७मध्ये सुरू केलेल्या आयडियाफोर्ज कंपनीचे ‘स्विच’ हे उभे उठून पंखावर जाणारे ड्रोन आहे. जानेवारी २०२१मध्ये भारतीय सैन्याने त्याच्या खरेदीचा करार केला. म्हणजे हा विषय प्रयोगशाळेतून केव्हाच बाहेर पडला आहे. तरीही पहिल्यांदा असे यंत्र बांधणाऱ्याचे ड्रोन बहुधा ट्रान्झिशनमध्येच पडते, उठताना किंवा सरळ जाताना नाही. ते का, हे एका उदाहरणावरून पाहू.

समजा आपले ड्रोन सहा किलोचे आहे आणि त्याच्या पंखाचे क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटर आहे. पुढच्या दोन मोटरी झुकणाऱ्या, मागची एक मोटर कायम उभी. तिघींनी मिळून सुमारे ५९ न्यूटन वजन पेलायचे. पंख किती भार उचलेल हे हवेची घनता, क्षेत्रफळ, वेगाचा वर्ग आणि पंखाचा वाऱ्याशी असलेला कोन यांवर ठरते. कोन वाढवला की उचल वाढते, पण अशा छोट्या पंखात साधारण बारा ते पंधरा अंशांपलीकडे वरच्या पृष्ठभागावरचा प्रवाह सुटतो आणि उचल कोसळते. हाच स्टॉल. उचलीचा सर्वाधिक गुणांक १.२ धरला, रेवसच्या उन्हाळी दमट हवेची घनता १.१५ किलो प्रति घनमीटर धरली, तर हिशेब असा होतो:

```
V_stall = sqrt( 2 × 59 / (1.15 × 0.5 × 1.2) ) ≈ 13 m/s
```

सेकंदाला १३ मीटरच्या खाली हा पंख एकट्याने यंत्र पेलू शकत नाही. काठावर कुणी उडत नाही, म्हणून किमान वेग त्याच्या सुमारे १.३ पट, म्हणजे १७ मीटर ठेवू. मधले चार मीटर ही आपली शिल्लक. वाऱ्याचा झोत अचानक चार मीटरने पडला तर ती संपते. ४५ अंश कलून वळण घेतले तर स्टॉलचा वेग १३वरून साडेपंधरावर जातो आणि शिल्लक दीडच मीटर उरते. ट्रान्झिशन सरळ रेषेतच करायचे हा नियम इथून आला आहे. त्यात शिस्तीचा बडेजाव काही नाही.

आता मोटरी झुकवू. ४५ अंश झुकलेल्या मोटरीचा उभा जोर सुमारे ७० टक्के उरतो. पुढच्या दोघींनी आधी ४० न्यूटन पेलले असतील तर तेवढाच उभा जोर राखायला त्यांना सुमारे ५७ न्यूटन काढावे लागतात. हा ताण पेलण्याइतकी ताकद मोटरीत मुळातच हवी. याच्या बदल्यात पुढे ढकलणारा जोर मिळतो आणि वेग वाढू लागतो. पण पंख उशिरा कामाला येतो, हे नवख्याच्या लक्षात राहत नाही. उचल वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे तोच कोन ठेवला तर साडेआठ मीटरला, म्हणजे निम्म्या वेगाला, पंख वजनाचा फक्त चौथा हिस्सा उचलतो. निम्मे वजन उचलायला बारा मीटर लागतात. वेग बऱ्यापैकी दिसतो म्हणून इथेच मोटरी पूर्ण आडव्या केल्या तर उरलेले निम्मे वजन उचलायला कुणीच नसते, आणि यंत्र नाक वर धरूनही खाली बसते.

म्हणून ऑटोपायलट दोन टप्पे पाळतो. आर्डुपायलट या खुल्या प्रणालीत पहिल्या टप्प्यात मोटरी `Q_TILT_MAX` इतक्याच झुकतात; मूळ किंमत ४५ अंश. तिथे थांबून ती `AIRSPEED_MIN` हा किमान वेग येण्याची वाट पाहते. तो आला की `Q_TRANSITION_MS` या अवधीत उभा आधार हळूहळू काढून घेतला जातो आणि मोटरी पूर्ण पुढे येतात. सगळा निर्णय एका आकड्यावर टेकला आहे, आणि तो आकडा हवेतल्या वेगाचा आहे.

जमिनीवरचा वेग जीपीएस देतो, मग वेगळा सेन्सर कशाला, हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो. धरमतरच्या तोंडाशी लाँच हाकणाऱ्या तांडेलाला तो पडत नाही. ओहोटीविरुद्ध जाताना इंजिन तेवढेच ओढत असते, काठ मात्र हळू सरकतो. सुकाणूला जोर मिळतो तो पाण्यातल्या वेगाचा. पंखाचेही तसेच. उन्हाळ्याच्या दुपारी रेवसला समुद्राकडून खारा वारा येतो. तो सेकंदाला सहा मीटर धरू. तोंड वाऱ्याकडे ठेवून तरंगणाऱ्या ड्रोनला जीपीएस शून्य दाखवतो, पण हवेत त्याचा वेग आधीच सहा आहे. १७ गाठायला त्याला अकराच मीटर कमवायचे आहेत. निव्वळ प्रवेग तीन मीटर धरला तर पावणेचार सेकंदांत, जमिनीवरच्या वीसेक मीटर अंतरात काम होते. तेच ड्रोन वाऱ्याकडे पाठ करून निघाले तर त्याला उणे सहापासून १७पर्यंत जायचे असते: सुमारे पावणेआठ सेकंद आणि जवळपास ९० मीटर. शिवाय जीपीएसचा १७ हा आकडा खरा मानून मोटरी झुकवल्या तर हवेतला वेग अकराच असतो. अकराला पंख जास्तीत जास्त ४२ न्यूटन उचलतो. १७ न्यूटनची तूट कांदळवनात जमा होते.

हवेतला वेग मोजणारी पिटो नळी हेन्री पिटो या फ्रेंच अभियंत्याने १७३२मध्ये नदीचा प्रवाह मोजायला काढली. समोरून आदळणाऱ्या हवेचा दाब आणि आजूबाजूच्या स्थिर हवेचा दाब यांतला फरक ती देते. तो फरक फार लहान असतो. १७ मीटरला सुमारे १६६ पास्कल, १३ला ९७, आणि पाच मीटरला अवघे १४. छंदी आणि व्यावसायिक ड्रोनमध्ये सर्रास दिसणारा एक सेन्सर तर सुमारे सात हजार पास्कलपर्यंत मोजायला बनवलेला असतो. त्याच्यापुढे १४ पास्कल म्हणजे जवळपास काहीच नाही. म्हणून तरंगताना दिसणाऱ्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. पुढे शून्यच सरकले असेल तर? उन्हात तापून सेन्सर ३० पास्कल जास्त दाखवू लागला असे धरा. पडद्यावर १७ दिसताना खरा वेग १५.४ असतो. चार मीटरची शिल्लक न सांगता अडीचच्या खाली येते आणि वाऱ्याचा एक मध्यम झोत पुरतो. यावरचा उपाय कंटाळवाणा आहे. यंत्र सुरू करून काही मिनिटे थांबावे, नळीवर सैल टोपी घालून वारा अडवावा, मग शून्य घ्यावे, आणि नंतर तोंडाने हलके फुंकून आकडा हलतो का पाहावे. नळी प्रोपेलरच्या झोतात बसवू नये. झुकणाऱ्या मोटरींच्या बाबतीत ही चूक सहज होते, कारण झोताची दिशाच बदलत राहते.

किनाऱ्यावरचे बिघाड आणखी वेगळे. रात्री उघड्या राहिलेल्या नळीत कुंभारीण माशी मातीचे घर करते. दवाचा थेंब आणि मीठ आत बसते. नळीचे तोंड बंद असेल आणि आतला दाब गळून बाहेरच्या स्थिर दाबाइतका होत असेल तर आकडा शून्याजवळ चिकटतो आणि ऑटोपायलट पहिल्याच टप्प्यात वाट पाहत राहतो. ड्रोन प्रत्यक्षात वेगाने जात असते आणि मोटरी तरंगण्याइतकी वीज खात असतात. ती सरळ उड्डाणाच्या साधारण चार-पाच पट असते. `Q_TRANS_FAIL` मध्ये मुदत घातलेली नसेल तर हे बॅटरी संपेपर्यंत चालू शकते. अर्धवट तुंबलेली नळी मला जास्त धोक्याची वाटते. तिच्यात दाब उशिरा पोचतो. वेग वाढताना आकडा मागे राहतो, म्हणजे ट्रान्झिशन उशिरा पुरे होते. नुकसान फक्त विजेचे. पण परतताना वेग कमी होत असताना तीच नळी जुना, मोठा आकडा दाखवत राहते आणि पंख स्टॉलच्या जवळ गेल्याचे कुणालाच कळत नाही. जाताना निभावले म्हणून येताना निभावेल असे नाही. `Q_ASSIST_SPEED` या किमतीखाली वेग गेला की मोटरी पुन्हा वर वळून हात देतात. ती स्टॉलच्या वर आणि किमान वेगाच्या खाली, आपल्या उदाहरणात १४ ते १५, ठेवावी. तीही त्याच नळीवर अवलंबून आहे हे मात्र विसरू नये.

बिघाड ओळखायला अहवालापेक्षा उड्डाणाची नोंद बरी. `ARSP` मधला हवेतला वेग आणि `GPS` मधला जमिनीवरचा वेग एकाच आलेखावर काढा आणि एक पूर्ण गोल फेरी पाहा. निरोगी यंत्रात दोन रेषांमधली तफावत वाऱ्याकडे जाताना एका बाजूला आणि पाठवाऱ्यात दुसऱ्या बाजूला, साधारण सारखी दिसते. ती कायम एकाच बाजूला झुकली असेल तर शून्य किंवा नळीचा गुणक बिघडला आहे. हवेतला वेग बारा-तेरावर सपाट झाला आणि वीज कमी होत नाही असे दिसले, आणि नळी ठीक असेल, तर मोटरींना पुढचा जोर कमी पडतो आहे. वजन कमी करा किंवा प्रोपेलर बदला. `AIRSPEED_MIN` खाली ओढून हा प्रश्न सोडवणारे भेटतात. ते शिल्लक विकून वेळ विकत घेतात, आणि किनाऱ्यावरच्या वाऱ्यात तो सौदा टिकत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. सहा किलोचे ड्रोन २०२१च्या ड्रोन नियमांनुसार ‘लहान’ वर्गात मोडते, त्यासाठी रिमोट पायलटचे प्रमाणपत्र लागते. डिजिटल स्कायच्या नकाशावर आपण उभे आहोत तिथला रंग आधी पाहावा. पुढची प्रकरणे वाचण्यापूर्वी आपल्या यंत्राचे वजन, पंखाचे क्षेत्रफळ आणि स्टॉलचा वेग कागदावर काढून ठेवा. पुढचे सगळे हिशेब त्या तीन आकड्यांवरच चालणार आहेत.