उजवा हात

आमच्या लहानपणी शेकहँड हा प्रकार घरात फक्त एकाच माणसाकडून होई, तो म्हणजे माझ्या थोरल्या मामांकडून. ते रेल्वेत नोकरीला होते आणि साहेबाच्या हाताखाली बरीच वर्षे काढल्यामुळे भाच्यांनी वाकून नमस्कार केला की त्यांना उठवून ते पुन्हा हात पुढे करायला लावीत. मग त्या पंजात आमची बोटे अशी काही आवळली जात की डोळ्यांत पाणी यावे. "हात असा द्यावा, की समोरच्याला कळलं पाहिजे, कुणाशी गाठ आहे!" हे त्यांचे ठरलेले वाक्य. त्यापाठोपाठ एक गोष्टही ठरलेली असे. पूर्वी विलायतेत सरदार लोक एकमेकांना भेटत, तेव्हा उजव्या हातात तलवार नाही हे दाखवण्यासाठी मोकळा पंजा पुढे करीत. आणि बाहीत खंजीर लपवला असेल तर तो खाली पडावा म्हणून हात जोराने हलवीत. त्याचाच झाला शेकहँड!

ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. ती इतकी चटकदार आहे की खरी नसावी असा संशय कोणाला येत नाही. पण तिला आधार असा सापडत नाही. शिवाय व्यवहारात तिचा निभावही लागत नाही. घातच करायचा तर हात गुंतवणे ही उलट सोय आहे. बायबलातला यवाब आपल्या प्रतिस्पर्ध्याची दाढी उजव्या हाताने कुरवाळतो, चुंबनासाठी जवळ ओढतो आणि दुसऱ्या हातातली तलवार त्याच्या पोटात खुपसतो. १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी जी भेट झाली, तिच्यातही आलिंगन होतेच आणि आलिंगनाच्या आत काय काय होते, ते मराठी मुलाला सांगायला नको. आणि शेकहँडचेच उदाहरण हवे असेल तर ६ सप्टेंबर १९०१ चे घ्या. अमेरिकेचे अध्यक्ष मॅकिन्ले बफेलो शहरातल्या प्रदर्शनात रांगेने येणाऱ्या नागरिकांशी हात मिळवत होते. रांगेत चोल्गोश नावाचा एक तरुण होता. त्याचा उजवा हात रुमालात गुंडाळलेला होता. पाहणाऱ्याला वाटावे, बिचाऱ्याला दुखापत झाली आहे. अध्यक्षांनी हात पुढे केला आणि रुमालाआडून पिस्तुलाच्या दोन गोळ्या सुटल्या. आठ दिवसांनी मॅकिन्ले वारले. निःशस्त्रपणाची खात्री पटवणारी खूण म्हणून शेकहँड फार भरवशाचा नाही, तो असा.

मग हात हातात देण्याची रीत आली कुठून? जुन्या दगडांवर शोधू लागलो म्हणजे एक मजेदार गोष्ट ध्यानात येते. हात मिळवलेली माणसे पुष्कळ दिसतात, पण ती "काय, कसं काय?" म्हणण्यासाठी हात मिळवीत नाहीत. इराकमधल्या निमरूद येथे १९६२ साली उत्खननात असुरांचा राजा शल्मनेसर तिसरा याच्या सिंहासनाचा चुनखडीचा चौथरा सापडला. त्याच्यावर शल्मनेसर आणि बाबिलोनचा राजा मर्दुक-झाकिर-शुमी समोरासमोर उभे असून त्यांनी हातात हात घेतला आहे. प्रसंग इसवी सनापूर्वी सुमारे ८५० सालचा. बाबिलोनच्या राजाविरुद्ध त्याच्या सख्ख्या भावाने बंड केले होते आणि शल्मनेसर त्याच्या मदतीला धावून गेला होता. म्हणजे हा हात भेटीचा नव्हे, तर "तुझे राज्य तुझेच राहील, मी पाठीशी आहे" या वचनाचा.

ग्रीकांची गोष्ट याहून स्पष्ट आहे. अथेन्सच्या अक्रोपोलिस संग्रहालयात एक शिलालेख आहे. अथेन्सचे स्पार्टाशी दीर्घ युद्ध चालले होते, त्यात शेवटी अथेन्सचा पराभव झाला. सारे मित्र पांगले. सामोस बेट तेवढे निष्ठेने राहिले. त्याची परतफेड म्हणून अथेन्सने सामोसच्या लोकांना आपले नागरिकत्व देऊ केले आणि इ. स. पूर्व ४०३ च्या सुमारास तो ठराव दगडावर कोरला. ठरावाच्या डोक्यावर चित्र आहे: सामोसची देवी हेरा आणि अथेन्सची देवी अथेना, दोघींनी उजवा हात उजव्या हातात दिला आहे. करार वाचता न येणाऱ्यालाही तो पाहता यावा, अशी ही योजना. ग्रीकांच्या थडग्यांवरही हाच हात आढळतो. एक जण खुर्चीवर बसलेला, दुसरा समोर उभा, दोघांचे हात गुंतलेले. हा निरोप, की मरणापलीकडेही न सुटणारे नाते, याबद्दल पंडितांत वाद आहेत. पण ती रस्त्यात सहज झालेली भेट आहे असे म्हणणारा मला कोणी आढळला नाही.

आपल्याकडे हे समजायला जड जाऊ नये. लग्नात पाणिग्रहण असते ते काही वरवधूंनी एकमेकांची विचारपूस करावी म्हणून नव्हे. आणि बैलबाजारात दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली एकमेकांची बोटे चाचपून भाव ठरवतात, तेव्हा तोंडाने एक शब्द न बोलता व्यवहार पुरा होतो. हात दिला म्हणजे शब्द दिला. युरोपातही मध्ययुगापासून हेच चाले. सौदा पटला, भांडण मिटले, सोयरीक ठरली की हातावर हात. नुसत्या भेटीसाठी तिथे दुसरे उपचार होते. टोपी उचलायची, कमरेत वाकायचे, गुडघा मोडायचा. कोणापुढे किती वाकायचे याची मापे ठरलेली. हेर्मान रूडेनबर्ख या डच इतिहासकाराने जुन्या हॉलंडमधल्या चालीरीती तपासून १९९१ साली दाखवून दिले, की हस्तांदोलन ही रोजच्या भेटीची रीत म्हणून फार उशिरा रूढ झाली. त्याआधी ते मुख्यतः समेटाचे आणि कराराचे चिन्ह होते.

या बदलात ज्यांचा मोठा हात होता ते लोक म्हणजे इंग्लंडातले क्वेकर. सतराव्या शतकाच्या मध्याला जॉर्ज फॉक्स याच्या उपदेशातून हा पंथ उभा राहिला. ईश्वरापुढे सगळी माणसे सारखी, तेव्हा माणसाने माणसापुढे वाकायचे नाही आणि टोपीही काढायची नाही, असा त्यांचा बाणा. आज हे क्षुल्लक वाटेल, पण त्या काळी बापापुढे टोपी न काढणारा मुलगा म्हणजे घर बुडवायला निघालेला! १६७० साली विल्यम पेन आणि विल्यम मीड हे दोघे क्वेकर लंडनच्या न्यायालयात उभे होते. आत येताना त्यांच्या डोक्यांवर टोप्या नव्हत्या. न्यायासनावरून हुकूम सुटला, शिपायांनी टोप्या आणून त्यांच्या डोक्यांवर ठेवल्या, आणि लगेच "न्यायालयापुढे टोपी का काढली नाही?" म्हणून दोघांनाही दंड ठोठावला. आमच्या मामांना ही हकीकत ठाऊक असती तर त्यांनी सरदारांची गोष्ट सोडून हीच सांगितली असती.

पण टोपी काढायची नाही, वाकायचे नाही, तर भेटलेल्या माणसाला करायचे काय? क्वेकरांनी हात पुढे केला. बंधुत्वाच्या कराराची ती जुनी खूण त्यांनी रोजच्या भेटीत आणली. तिची सोय अशी की हात देताना दोघांचेही पंजे एकाच पातळीवर येतात. कोण मोठा, कोण धाकटा हे त्यात दाखवताच येत नाही. आजही त्यांच्या मूक प्रार्थनासभा शेजाऱ्याचा हात हाती घेऊन संपतात. पुढे व्यापारी, मध्यमवर्गीय, अमेरिकेतले नवे लोकशाहीवादी यांना ही समपातळी मानवली आणि एकोणिसाव्या शतकात हस्तांदोलन सर्रास झाले. ते आपल्याकडे मात्र साहेबाबरोबर आले, आणि साहेब कोणाला हात देतो व कोणाला नुसती मान हलवतो यावरून इथे पुन्हा पायऱ्या पडल्या! हस्तांदोलन हा शब्दही पहा: आंदोलन म्हणजे हेलकावा. शब्द घडवणाऱ्याला हातांची मिठी दिसली नाही, त्यांचे झुलणे तेवढे दिसले.

आता मामांच्या दुसऱ्या सिद्धांताकडे वळू: घट्ट हातावरून माणूस कळतो. याची परीक्षा प्रत्यक्षात झाली आहे. अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठात विल्यम चॅप्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला हा प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. दोन पुरुष आणि दोन स्त्रिया अशा चौघांना महिनाभर शिकवून तयार केले. हाताची पकड पूर्ण आहे की नुसती बोटांची, जोर किती, किती वेळ, हलवण्यात जोम कितपत, नजरेला नजर आहे का, तळवा गरम की गार, कोरडा की ओला, मऊ की खरखरीत, अशा आठ गोष्टींना हात सुटताक्षणी गुण द्यायचे. मग ११२ विद्यार्थ्यांना स्वभावाच्या प्रश्नपत्रिका सोडवायला बोलावले. त्यांना वाटले, परीक्षा कागदावर आहे. पण चौघांपैकी प्रत्येकाने येताना एकदा आणि जाताना एकदा त्यांच्याशी हात मिळवला होता, आणि खरी परीक्षा ती होती.

निष्पन्न काय झाले? पहिले म्हणजे, एका माणसाचा हात चौघांनाही बराचसा सारखाच वाटला. दर वेळी तो नवा नसतो. आठांपैकी पकड, जोर, वेळ, जोम आणि नजर या पाच गोष्टी एकत्र चालतात. त्यांनाच मिळून आपण "घट्ट हात" म्हणतो. म्हणजे मामांनी नुसत्या जोरावर भर दिला तो चुकलाच. अंगठ्याच्या बेचक्यात बेचके नीट बसले नाही तर जोर सगळा बोटांच्या सांध्यांवर पडतो, आणि समोरच्याला विश्वास न वाटता त्याची अंगठी तेवढी रुतते. ज्यांचा हात घट्ट, त्यांचे चौघांवर पहिल्या भेटीतच चांगले मत झाले. आणि कागदावरही ती माणसे अधिक बोलकी, भावना मोकळेपणी व्यक्त करणारी, कमी बुजरी आणि कमी धास्तावलेली ठरली. हा संबंध काही फार मोठा नव्हता, पण नाकारण्याजोगाही नव्हता. पुरुषांचा हात सरासरीने स्त्रियांपेक्षा घट्ट भरला. मात्र गंमत पुढे आहे: ज्या मुलींचा हात घट्ट होता, त्या नव्या कल्पनांना अधिक उत्सुक होत्या आणि त्यांची छापही चांगली पडली. पुष्कळ घरांतून मुलींना "पुरुषासारखा हात देऊ नये, बाई" असे शिकवतात, त्याला इथे तरी आधार मिळत नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका अभ्यासात ९८ विद्यार्थ्यांच्या नोकरीच्या लुटुपुटीच्या मुलाखती घेतल्या, तेव्हाही चांगल्या हस्तांदोलनाचा आणि मुलाखतकारांच्या शिफारशीचा मेळ दिसून आला.

एवढे खरे, पण हे सारे अमेरिकेतले तरुण विद्यार्थी, आणि घट्ट हात म्हणजे मोकळे मन असे ज्या समाजात आधीच मानतात तिथले. आशियात आणि आफ्रिकेत कित्येक ठिकाणी हलका हात हीच अदब समजतात. तिथे आवळून धरणारा माणूस उद्धट ठरतो. शिवाय हाताला वय असते, आणि दुखणी असतात.

मामा निवृत्त झाल्यावर त्यांना संधिवाताने गाठले. बोटांचे पेर सुजले, फुलपात्रही ते दोन्ही हातांनी धरीत. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नानंतर नवे जावई पहिल्या दिवाळसणाला आले, तेव्हा मामांनी सवयीने हात पुढे केला आणि जावयांनी धरताच पटकन सोडवून घेतला. रात्री फराळ आटोपल्यावर जावयांनी मला हळूच विचारले, "तुमचे मामा फार भिडस्त स्वभावाचे आहेत का हो?"