४०४ची कुळकथा: आकडा यंत्रासाठी, मजकूर माणसासाठी

वेबसाइटवर नसलेले पान मागितले की सर्व्हर ४०४ हा आकडा परत पाठवतो. सोबत एक छोटे पानही पाठवतो. त्यावर काय लिहावे, याचे नियम साधारणपणे आकर्षक मांडणीचा भाग म्हणून शिकवले जातात. आकड्याचे कूळ शोधले तर वेगळेच दिसते: या उत्तराचे पहिल्यापासून दोन भाग होते, एक यंत्रासाठी आणि एक माणसासाठी. एरर पेज हा त्यातल्या दुसऱ्या भागाचा थेट वारस आहे.

४०४ची सर्वांत लोकप्रिय जन्मकथा अशी: जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत ४०४ क्रमांकाच्या खोलीत पहिला सर्व्हर होता आणि तिथे फाइल सापडली नाही की खोलीचा क्रमांक कळवला जाई. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांचे सहकारी रॉबर्ट कायो यांनी ही कथा साफ फेटाळली आहे. कागदपत्रेही तिच्या विरोधात जातात. एचटीटीपीच्या १९९१च्या पहिल्या आवृत्तीत आकडेच नव्हते. चूक झाली तर सर्व्हर माणसाला वाचता येईल असा मजकूर पाठवी, आणि उत्तर बरोबर आहे की चुकीचे हे मजकूर वाचल्याशिवाय ओळखण्याची सोय नव्हती. आकडे १९९२च्या मसुद्यात आले, तेही यादीने: ४०० चुकीची विनंती, ४०१ परवानगी हवी, ४०२ पैसे भरा, ४०३ मनाई, ४०४ सापडले नाही. ओळीत पाचव्या जागी आलेल्या आकड्याला खोलीची गरज नाही.

तीन अंकी उत्तरांची पद्धत मात्र वेबच्या बरीच आधीची आहे. फाइल पाठवण्याच्या एफटीपी या प्रोटोकॉलमध्ये ती १९७२ सालीच होती, आणि १९७४ साली जॉन पोस्टेल यांनी तिला शिस्त लावली. पहिला अंक निकाल सांगतो, दुसरा विषय, तिसरा बारकावा. १९८२च्या एसएमटीपी या ईमेलच्या प्रोटोकॉलमध्ये कामाची वाटणी स्पष्ट शब्दांत आहे: पुढे काय करायचे हे यंत्राने आकड्यावरून ठरवावे, आकड्यापुढचा मजकूर माणसासाठी असावा.

म्हणून ४०४चे मूळ एफटीपीत आहे, असे सहसा सांगितले जाते. पण इथे एक अडचण आहे. एफटीपीत ४ने सुरू होणारे उत्तर म्हणजे तात्पुरती अडचण, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा. ५ने सुरू होणारे म्हणजे कायमचा नकार. फाइल सापडली नाही तर एफटीपी ५५० देतो. ही रीत जशीच्या तशी उचलली असती, तर हरवलेल्या पानाचा आकडा पाचशेच्या घरात गेला असता.

खरा धागा दुसरीकडे दिसतो. यूजनेटवरच्या चर्चागटांतले लेख वाचण्यासाठी १९८६ साली एनएनटीपी हा प्रोटोकॉल आला. त्यात ४चा अर्थ बदलला: आज्ञा बरोबर आहे, पण काही कारणाने ती पुरी करता येत नाही. मागितलेला लेख नसेल तर उत्तर मिळे ४३०. म्हणजे ‘मागितलेली वस्तू नाही’ हे उत्तर चारशेच्या घरात वेबच्या आधीच येऊन बसले होते. वेबच्या सुरुवातीच्या ब्राउझरमधून यूजनेटचे लेखही वाचता येत, त्यामुळे वेब घडवणाऱ्यांना हा प्रोटोकॉल जवळून माहीत होता. या मताविरुद्ध एक मुद्दा काढता येतो: चुकीच्या आज्ञेला एनएनटीपी ५०० देतो, तर एचटीटीपी ४००. तेव्हा ही नक्कल नव्हे. घर एनएनटीपीचे घेतले आणि आतली मांडणी बदलली, हाच निष्कर्ष पुराव्याला सर्वांत जवळचा आहे.

मांडणी बदलताना एचटीटीपीने ४ म्हणजे मागणाऱ्याची चूक आणि ५ म्हणजे सर्व्हरची चूक असे ठरवले. पण १९९२च्या त्याच मसुद्याने कबुलीही दिली, की हा भेद सर्वसाधारणपणे करता येत नाही, तो केवळ माहितीपुरता आहे. एरर पेज लिहिणाऱ्यासाठी ही कबुली मोलाची आहे. आकडा ‘चूक तुमची’ म्हणतो, पण लिंक जुनी झाल्याने, पान हलवल्याने किंवा साइटची फेररचना झाल्यानेही ४०४ येतो. म्हणून पानावर ‘तुम्ही चुकीचा पत्ता टाकला’ असे लिहिणे सर्व्हरला माहीत नसलेली गोष्ट ठामपणे सांगणे ठरते.

माणसासाठीचा मजकूर हळूहळू आकड्यापासून सुटत गेला. इंटरनेट एक्स्प्लोरर तर सर्व्हरचे ४०४ पान ५१२ बाइटपेक्षा लहान असेल तर ते बाजूला सारून स्वतःचाच ठराविक संदेश दाखवी. २०१५ साली आलेल्या एचटीटीपी/२मध्ये आकड्यापुढचे शब्द पाठवण्याची सोयच उरली नाही. `curl -I` या आज्ञेने सर्व्हरचे उत्तर तपासले की फरक दिसतो:

```
HTTP/1.1 404 Not Found
HTTP/2 404
```

दुसऱ्या ओळीत फक्त यंत्राचा भाग उरला आहे. माणसाशी बोलायला आता पानावरचा मजकूर तेवढा आहे.

दोन्ही भाग नीट सांभाळले नाहीत तर काय होते, हे अपाची सर्व्हरच्या एका ओळीत दिसते:

```
ErrorDocument 404 /sapadle-nahi.html
```

असे लिहिले तर आकडा ४०४च राहतो आणि वाचकाला आपले पान दिसते. त्याऐवजी `https://` पासून पूर्ण पत्ता दिला, तर अपाची वाचकाला त्या पत्त्यावर पाठवतो. यंत्राला आधी ३०२ आणि मग २०० मिळतो, म्हणजे सारे आलबेल. शोधयंत्राला पान मेल्याचा स्पष्ट निरोप मिळत नाही. वाचकाचेही नुकसान होते: ब्राउझरच्या पट्टीतला मूळ पत्ता जातो आणि टंकनाची चूक दुरुस्त करायची संधीही जाते. तीच `curl -I` आज्ञा मुद्दाम चुकीच्या पत्त्यावर चालवली की पहिल्याच ओळीत हा दोष उघड होतो.

आता मजकूर. समजा, पुस्तकविक्रीच्या साइटवर `/pustake/pakshi-nirikshan` हा पत्ता उरलेला नाही. ‘क्षमस्व! काहीतरी चुकले’ या वाक्यातून वाचकाला ना कारण कळते ना वाट. त्याजागी असे लिहिता येते: ‘या पत्त्यावर पान नाही. पुस्तकाचे पान हलवले गेले असेल किंवा पत्त्यात एखादे अक्षर चुकले असेल. खाली पुस्तकाचे नाव टाकून शोधा.’ त्याखाली शोधाची चौकट असावी आणि तिच्यात पत्त्यातलेच शब्द आधी भरलेले असावेत. मग ‘निसर्गविषयक पुस्तके’ आणि ‘सर्व पुस्तके’ अशा दोन लिंक पुरतात. शोधातही काही सापडले नाही, तर ‘० निकाल’ एवढ्यावर न थांबता ‘या नावाचे पुस्तक नाही, लेखकाचे नाव टाकून पाहा’ असे सुचवावे.

फॉर्ममधल्या छोट्या संदेशांनाही हीच वाटणी लागू पडते. ‘अवैध नोंद’ हे यंत्राचे उत्तर झाले. ‘मोबाइल क्रमांक १० अंकी हवा, इथे ९ अंक आहेत’ हे माणसासाठीचे. हा संदेश त्या रकान्याशेजारी दिसावा आणि आधी भरलेली माहिती पुसली जाऊ नये.

पान खरोखर दुसरीकडे गेले असेल, तर मात्र चांगल्या मजकुरापेक्षा ३०१ देऊन वाचकाला थेट नव्या पत्त्यावर नेणे योग्य. कायमचे काढले असेल तर ४१० द्यावा आणि तसे पानावर लिहावे. प्रत्येक हरवलेला पत्ता मुखपृष्ठाकडे वळवणे टाळावे, कारण वाचकाला आपण इथे का आलो हे कळत नाही. सर्व्हरच्या नोंदवहीत कोणत्या पत्त्यांवर वारंवार ४०४ येतो, हे पाहिले की कुठे ३०१ हवा आणि कुठे मजकूर पुरेसा आहे, ते ठरवता येते.