ओहमचा नियम पडताळताना आलेख काय सांगतो

वाहकाचे तापमान व इतर भौतिक स्थिती कायम असेल, तर त्यातून जाणारी विद्युतधारा (I) त्याच्या टोकांमधील विभवांतराच्या (V) समप्रमाणात असते, असे ओहमचा नियम सांगतो. म्हणजे V/I हे गुणोत्तर स्थिर राहते. तोच वाहकाचा रोध R. जॉर्ज सायमन ओहम यांचा यावरील ग्रंथ १८२७ मध्ये निघाला. त्यांच्या काळातल्या विद्युतघटांचे विभवांतर वापरता वापरता घसरत असे, म्हणून त्यांनी तापमानातील फरकावर चालणारे तापयुग्म वापरले. पडताळणीत खरी कसोटी उपकरणांची लागते, हे तेव्हापासूनचे आहे.

१० ओहमची नायक्रोमची गुंडाळी घेऊ. बॅटरी एलिमिनेटर, प्लग की, रिओस्टॅट, ॲमीटर आणि गुंडाळी एकसर जोडावी. व्होल्टमीटर फक्त गुंडाळीच्या टोकांना समांतर जोडावा. ॲमीटर ०–५०० मिलिअँपिअरचा, लघुतम माप १०. व्होल्टमीटर ०–३ व्होल्टचा, लघुतम माप ०.०५. रिओस्टॅट सरकवून विभवांतर टप्प्याटप्प्याने वाढवावे आणि वाचन झाले की लगेच की काढावी. हिशेबासाठी एक नमुना निरीक्षण तक्ता असा:

| क्र. | V (व्होल्ट) | I (मिलिअँपिअर) | V/I (ओहम) |
|---|---|---|---|
| १ | ०.५० | ४० | १२.५ |
| २ | १.०० | ९० | ११.१ |
| ३ | १.५० | १४० | १०.७ |
| ४ | २.०० | १९० | १०.५ |
| ५ | २.५० | २४० | १०.४ |

शेवटच्या स्तंभाची सरासरी ११.० ओहम येते आणि बहुतेक वह्यांत प्रयोग तिथेच संपतो. पण तो स्तंभ वरून खाली नीट वाचा. ॲमीटर अर्ध्या घरापर्यंत वाचता येतो असे धरले, तर ४० मिलिअँपिअरच्या वाचनात ५ मिलिअँपिअरची, म्हणजे सुमारे १२ टक्क्यांची अनिश्चितता राहते. त्यामुळे १२.५ हा आकडा एकटा असता, तर वाचनातली चूक म्हणून सोडून देता आला असता. मात्र तशा चुका कधी वर, कधी खाली जातात. इथे पाचही आकडे एकाच दिशेने उतरत आहेत, आणि याचे कारण सरासरीतून कधीच कळणार नाही.

ते आलेखातून कळते. क्ष-अक्षावर V घ्या (१ सेंमी = ०.२५ व्होल्ट), य-अक्षावर I (१ सेंमी = २५ मिलिअँपिअर). पाचही बिंदू एका सरळ रेषेत येतात. रेषा खाली वाढवली की ती आरंभबिंदूतून न जाता क्ष-अक्षाला ०.१ व्होल्टवर छेदते आणि य-अक्षावर उणे १० मिलिअँपिअरला पोचते. याचा अर्थ उघड आहे: धारा नसताना ॲमीटरचा काटा शून्याच्या डावीकडे एक घर उभा होता. प्रत्येक वाचनात १० मिळवले की धारा ५०, १००, १५०, २००, २५० होते आणि V/I सर्वत्र १०.० येतो. रेषेचा चढ मात्र दुरुस्तीआधीही बरोबरच होता. विभवांतर २.०० व्होल्टने वाढले तेव्हा धारा २०० मिलिअँपिअरने वाढली, म्हणून चढाचा व्यस्त १० ओहम. नियमात रेषा आरंभबिंदूतून जाते, म्हणून पट्टी ओढूनताणून तिथे लावणे हा या प्रयोगातला सर्वांत वाईट दोष आहे, असे माझे ठाम मत आहे. अशी लादलेली रेषा इथे सुमारे १०.६ ओहम देते आणि शून्य त्रुटीचा पुरावाच पुसून टाकते.

तापण्याची खूण वेगळी. गुंडाळी तापली की रोध वाढतो आणि वरच्या टोकाचे बिंदू रेषेच्या खाली झुकतात. नायक्रोमचा रोध तापमानाबरोबर फार थोडा बदलतो, तांब्याचा दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. टॉर्चच्या बल्बचा आलेख तर सरळ वाकतोच. शंका असेल तर विभवांतर उतरवत तीच वाचने पुन्हा घ्यावीत. त्याच विभवांतराला आता धारा कमी भरली, तर वाहक अजून गरम आहे.

एक त्रुटी मात्र आलेखात अजिबात दिसत नाही. ॲमीटर गुंडाळीबरोबर व्होल्टमीटरमधूनही जाणारी धारा मोजतो. व्होल्टमीटरचा रोध ३००० ओहम असेल, तर १० ओहमच्या जागी ९.९७ मिळतील आणि फरक जाणवणारही नाही. हाच व्होल्टमीटर, धारा मोजायला पुरेसा नाजूक मिलिॲमीटर घेऊन, १० किलोओहमच्या रोधकाला लावला, तर उत्तर सुमारे २.३ किलोओहम येईल. तरीही रेषा सरळ असेल आणि आरंभबिंदूतूनच जाईल. म्हणून निष्कर्ष लिहिण्यापूर्वी व्होल्टमीटरचा रोध शोधून तक्त्याखाली नोंदवावा.