‘विघटनशील’ या शब्दाचा इतिहास : हेफ्टी पिशव्यांचे प्रकरण आणि पर्यावरणविषयक दाव्यांची भाषा

प्रस्तावना

जाहिरातीतील पर्यावरणविषयक दावा सपशेल खोटा असतो असे क्वचितच घडते. बहुधा तो एका परिस्थितीत खरा असतो आणि ग्राहकाच्या परिस्थितीत खोटा ठरतो. प्रस्तुत निबंधात अमेरिकेतील एका प्रकरणाच्या आधारे या भेदाचा मागोवा घेतला आहे.

प्रकरणाचे स्वरूप

१९८९ मध्ये मोबिल केमिकल कंपनीने ‘हेफ्टी’ या नावाच्या कचऱ्याच्या पिशव्या ‘विघटनशील’ म्हणून बाजारात आणल्या. प्लास्टिकमध्ये मिसळलेल्या द्रव्यामुळे त्या सूर्यप्रकाशात ठिसूळ होऊन तुटत असत. तथापि कचऱ्याची पिशवी उन्हात पडून राहत नाही. ती भरावभूमीत गाडली जाते. तेथे प्रकाश पोहोचत नाही आणि प्राणवायूही अत्यल्प असतो. ॲरिझोना विद्यापीठातील विल्यम रॅथ्जे यांच्या उत्खननांत तर अशा ठिकाणी अनेक दशकांपूर्वीची वृत्तपत्रे वाचण्याजोग्या स्थितीत आढळली होती. जेथे कागद टिकतो, तेथे प्लास्टिक नाहीसे होईल ही अपेक्षा निराधार होती.

१९९० मध्ये काही राज्यांच्या महाधिवक्त्यांनी कंपनीविरुद्ध दावे दाखल केले. १९९२ मध्ये फेडरल ट्रेड कमिशननेही कंपनीशी तडजोड केली. आक्षेप रसायनशास्त्रावर नव्हता. पिशवी भरावभूमीत गेल्यावर पर्यावरणाला लाभ होतो, हे सिद्ध करणारा पुरावा कंपनीजवळ नव्हता, हा होता.

शब्दयोजनेचे नियम

त्याच वर्षी आयोगाने ‘ग्रीन गाइड्स’ ही मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. २०१२ च्या सुधारणेनुसार, नेहमीच्या पद्धतीने टाकलेली घन वस्तू एका वर्षात पूर्णतः विघटित होत नसेल, तर ‘विघटनशील’ हा शब्द विनाअट वापरणे फसवे मानले जाते. भारतातही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ‘पर्यावरणस्नेही’, ‘हरित’ यांसारखे शब्द पुराव्याविना वापरण्यास मनाई केली. दावा संपूर्ण वस्तूविषयी आहे की केवळ वेष्टनाविषयी, हे सांगणेही आवश्यक ठरवले.

या कसोट्या लावून हेफ्टीचा दावा पुन्हा लिहिला तर तो असा होईल : ‘या पिशवीचे प्लास्टिक सूर्यप्रकाशात तुटते, भरावभूमीत गाडल्यास हा गुण उपयोगी पडत नाही.’ हे वाक्य प्रामाणिक आहे. परंतु त्यात खरेदीस प्रवृत्त करणारे काहीच उरत नाही. अटी अक्षरशः लिहिल्यावर दाव्याचा लाभच नाहीसा होत असेल, तर तो दावा न करणे हेच योग्य. बारीक अक्षरांतील तळटीप हा त्यावरील उपाय नव्हे, कारण ठळक शब्दाने निर्माण केलेला समज ती पुसू शकत नाही.

समारोप

दावा तपासताना ‘हे खरे आहे काय?’ एवढाच प्रश्न अपुरा पडतो. ‘कोणत्या भागाविषयी, कोठे आणि किती काळात खरे आहे?’ हे विचारावे लागते. हेफ्टीच्या खोक्यावर यांपैकी ‘कोठे’ या प्रश्नाचे खरे उत्तर नव्हते, आणि प्रकरण तेथेच अडले.