२२ की २६ नोव्हेंबर?

साताऱ्याच्या आत्यांच्या खात्यातून ३ डिसेंबर २०१८ रोजी ५९ रुपये कापले गेले. ५० रुपये दंड आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. कारण, नोव्हेंबरची सरासरी शिल्लक २,००० रुपयांपेक्षा कमी. आत्या म्हणाल्या, “पैसे तर होते की खात्यात.” त्या खऱ्या की बँक, हे ठरवायला तीन कागद हाती होते: पासबुक, बँकेकडून मागवलेलं स्टेटमेंट आणि जुन्या मोबाईलमधला एक एसएमएस.

सरासरी काढताना नोंदींची बेरीज करून भागायचं नसतं. प्रत्येक दिवसअखेरची शिल्लक धरायची, बेरीज करायची आणि महिन्याच्या दिवसांनी भागायचं. व्यवहार नसलेल्या दिवशी आदल्या दिवशीचीच शिल्लक पुढे येते.

पासबुकाप्रमाणे १ ते ५ तारखेला शिल्लक १,०५० होती. ६ तारखेला ३,२०० रुपये रोख भरल्यावर ती ४,२५० झाली. १२ तारखेला एटीएममधून ३,५०० काढले, ७५० उरले. २२ तारखेला सांगलीच्या अडत्याचा हळदपट्टीचा २,१०० रुपयांचा चेक जमा झाला आणि महिनाअखेरपर्यंत २,८५० राहिले. ५, ६, १० आणि ९ दिवसांचे हे चार टप्पे मिळून बेरीज ६३,९०० होते. तिला ३० ने भागलं की २,१३०. म्हणजे दंड चुकीचा?

स्टेटमेंटमध्ये मात्र तारखांचे दोन रकाने आहेत. चेकची नोंद २२ ला आहे, पण रक्कम खऱ्या अर्थाने हाती आल्याची, म्हणजे व्हॅल्यू डेट, २६ आहे. कॅलेंडर उघडलं तेव्हा उलगडा झाला. २२ ला गुरुवार, २३ ला गुरुनानक जयंतीची सुट्टी, २४ ला चौथा शनिवार, २५ ला रविवार. चेक सोमवारी वटला. ते चार दिवस ७५० धरले की बेरीज ५५,५०० आणि सरासरी १,८५०. तूट १५० रुपयांची. हिशेबात बँक बरोबर होती, आणि आत्यांना ते सांगावं लागलं.

पण तिसरा कागद उरला होता. शिल्लक कमी असल्याचा एसएमएस १ डिसेंबरचा आहे. १ एप्रिल २०१५ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार, बँकेने आधी ग्राहकाला कळवायचं आणि शिल्लक पूर्ववत करायला किमान एक महिना द्यायचा. दंडही तुटीच्या प्रमाणात हवा. इथे सूचना आणि कपात यांत दोनच दिवस गेले.

म्हणून शाखेला लिहिलेल्या अर्जात सरासरीचा वाद घातलाच नाही. एसएमएसची आणि कपातीची तारीख तेवढी शेजारी शेजारी लिहिली. पासबुकातली पुढची नोंद २० डिसेंबरची आहे: जमा, ५९ रुपये.