अंड्यावरील कोंबड्यांचे घरगुती खाद्य

अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी घरी केलेल्या १०० किलो मिश्रणात भरडलेला मका ६०, सोया पेंड २६, चुनखडी ९ आणि ५ टक्के प्रमाणाचे प्रीमिक्स ५ किलो घेतात. त्यातून सुमारे १७ टक्के प्रथिने व साडेतीन टक्के कॅल्शियम मिळते. कच्चे सोयाबीन चालत नाही. त्यातील घटक प्रथिनांचे पचन रोखतात. प्रीमिक्स आधी चार-पाच किलो भरड्यात कालवून मग ढिगात मिसळावे, नाहीतर ते एका जागी साचते.

सोळा आठवड्यांखालील तलंगांना हे खाद्य देऊ नये. त्यांना कॅल्शियम सुमारे १ टक्का पुरते. जास्तीने मूत्रपिंडे बिघडतात. पहिली अंडी दिसू लागली की चुनखडी वाढवावी. वयाच्या पन्नास आठवड्यांनंतर अंडी घटतात, पण आकाराने मोठी होतात आणि कवच पातळ पडते. तेव्हा पेंड २४, मका ६१, चुनखडी १० किलो असा बदल करतात. कवच मुख्यतः रात्री बनते, म्हणून निम्मी चुनखडी जाडसर खडीची हवी. ती पोटात हळू विरघळते.

पोशेरा व मोखाडा-जव्हारच्या दमट पावसाळ्यात खरा धोका मक्याचा. बुरशीचा वास आलेला मका धुऊन, वाळवूनही वापरू नये. बुरशीचे विष तसेच राहते.