पासवर्ड व्हॉल्ट : निर्यात, विलोपन आणि खातेसमाप्ती

पासवर्ड व्हॉल्ट : पासवर्ड मॅनेजर या आज्ञावलीत एका वापरकर्त्याची सर्व गुप्त माहिती ज्या कूटबद्ध संचयात राहते, त्याला व्हॉल्ट म्हणतात. व्हॉल्टमध्ये संकेतस्थळांची वापरनावे व पासवर्ड, बँक कार्डांचे तपशील, गुप्त टिपणे, दुसऱ्या टप्प्याच्या पडताळणीची बीजे आणि पासकी अशा नोंदी असतात. दुसरी सेवा स्वीकारताना किंवा माहिती केवळ स्वतःच्या संगणकावर ठेवायचे ठरवल्यावर हा व्हॉल्ट सोडून देताना तीन वेगवेगळ्या कृती कराव्या लागतात : आवश्यक माहितीची निर्यात, व्हॉल्टमधील नोंदींचे विलोपन आणि सेवेकडील खाते बंद करणे. व्यवहारात या तिन्हींना सरसकट ‘डिलीट करणे’ म्हटले जात असले, तरी प्रत्येकीचा परिणाम निराळा असतो आणि क्रम चुकल्यास होणारी हानी बहुधा भरून काढता येत नाही. या नोंदीत 2016 साली सुरू झालेल्या आणि मुक्तस्रोत असलेल्या बिटवॉर्डन या सेवेच्या आधारे ही प्रक्रिया स्पष्ट केली आहे.

विलोपन अपरिवर्तनीय का असते : बिटवॉर्डनमधील नोंदी वापरकर्त्याच्या उपकरणावरच कूटबद्ध होतात आणि सर्व्हरवर केवळ त्यांचे कूटरूप जाते. नोंदी ज्या किल्लीने कूटबद्ध होतात, ती खाते उघडताना यादृच्छिकपणे तयार झालेली असते, तिला खातेकिल्ली म्हणता येईल. वापरकर्त्याचा मुख्य पासवर्ड ही खातेकिल्ली नव्हे. त्या पासवर्डावर एक गणिती प्रक्रिया लाखो वेळा करून (पीबीकेडीएफ2 या पद्धतीत सध्याची मूळ मांडणी 6,00,000 आवर्तनांची आहे) जी दुसरी किल्ली मिळते, तिच्या साहाय्याने खातेकिल्ली गुंडाळलेली असते आणि ती या गुंडाळलेल्या रूपात सर्व्हरवर राहते. खाते पुसले की ही गुंडाळलेली खातेकिल्लीही जाते, आणि त्यानंतर मुख्य पासवर्ड अचूक आठवत असला तरी त्याने उघडण्याजोगे काही उरत नाही. सेवेच्या कर्मचाऱ्यांना मुख्य पासवर्ड कधीच ठाऊक नसल्यामुळे त्यांच्याकडे विनंती करूनही नोंदी परत मिळवण्याचा मार्ग नसतो.

निर्यातीची रूपे : बिटवॉर्डनच्या वेब आवृत्तीत निर्यातीची सोय `Tools` या विभागात आहे. तेथे निवडलेल्या फाइलप्रकारावर निर्यातीची पूर्णता आणि सुरक्षितता या दोन्ही गोष्टी अवलंबून असतात. `.csv` ही साधी तक्त्याची फाइल असून तिच्यात केवळ लॉगिन आणि गुप्त टिपणे येतात, कार्डे व ओळखपत्रविषयक नोंदी गळतात आणि पासकीही येत नाहीत. `.json` या प्रकारात सर्व प्रकारच्या नोंदी व पासकी येतात, मात्र ही फाइल उघडी असते, म्हणजे ती ज्याच्या हाती पडेल त्याला सर्व पासवर्ड जसेच्या तसे वाचता येतात. तिसऱ्या, कूटबद्ध `.json` प्रकाराचे दोन पोटभेद आहेत आणि खाते बंद करणाऱ्याला सर्वांत मोठा धोका याच ठिकाणी असतो. `Account restricted` हा पर्याय निवडल्यास फाइल वर वर्णिलेल्या खातेकिल्लीने कूटबद्ध होते, त्यामुळे ती फक्त त्याच खात्यात पुन्हा घेता येते आणि खाते बंद होताच कायमची निरुपयोगी ठरते. `Password protected` हा पर्याय निवडल्यास वापरकर्त्याने त्या फाइलीपुरता दिलेला स्वतंत्र पासवर्ड वापरला जातो, त्यामुळे ती फाइल खात्यावर अवलंबून राहत नाही आणि बिटवॉर्डनच्या दुसऱ्या कोणत्याही खात्यातही उघडता येते.

कूटबद्ध फाइल यांपैकी कोणत्या पोटभेदाची आहे, हे ती साध्या मजकूर-संपादकात उघडून आरंभीच्या ओळींवरून ओळखता येते. `"encrypted": true` या ओळीबरोबर `"passwordProtected": true` ही ओळही असेल तर फाइल स्वतंत्र पासवर्डाची आहे. पहिली ओळ आहे पण दुसरी नाही, अशी फाइल खात्याशी बांधलेली समजावी आणि तेवढ्या एका प्रतीच्या भरवशावर खाते बंद करू नये.

निर्यातीतून सुटणाऱ्या गोष्टी : कचरापेटीतील नोंदी कोणत्याच निर्यातीत येत नाहीत. त्या तेथे 30 दिवस राहून आपोआप पुसल्या जातात, म्हणून हव्या असलेल्या नोंदी आधी बाहेर काढाव्या लागतात. नोंदींना जोडलेल्या फाइली, उदाहरणार्थ पारपत्राची छायाप्रत, `.json` व `.csv` यांत समाविष्ट नसतात, त्या एकेक करून उतरवून घ्याव्या लागतात किंवा जेथे जोडफायलींसह `.zip` निर्यातीचा पर्याय उपलब्ध आहे तेथे तो वापरावा लागतो. कुटुंब किंवा कार्यालय यांच्या सामाईक गटाच्या, म्हणजे बिटवॉर्डनच्या परिभाषेत ‘ऑर्गनायझेशन’च्या, मालकीच्या नोंदी वैयक्तिक व्हॉल्टमध्ये एकत्र दिसत असल्या तरी वैयक्तिक निर्यातीत येत नाहीत, त्यांची निर्यात गटाच्या व्यवस्थापनकक्षातून योग्य अधिकार असलेल्या सदस्याला स्वतंत्रपणे करावी लागते.

पडताळणी : एक उदाहरण : उदाहरणादाखल असा एक व्हॉल्ट घेऊ, ज्यात वैयक्तिक मालकीची 180 लॉगिन, 20 गुप्त टिपणे, 8 कार्डे आणि 4 ओळखनोंदी, अशा एकूण 212 नोंदी आहेत. शिवाय कुटुंबगटाच्या 15 नोंदी आणि कचरापेटीत 6 नोंदी आहेत. या व्हॉल्टची `.csv` निर्यात केल्यास 200 नोंदी मिळतील आणि 12 नोंदी कोणतीही सूचना न देता वगळल्या जातील. `.json` निर्यातीत 212 नोंदी असतील, मात्र गटाच्या 15 आणि कचरापेटीतील 6 नोंदी तिच्यातही नसतील. उघड्या `.json` फाइलीतील नोंदी प्रकारवार मोजण्यासाठी `jq` ही छोटी आज्ञावली उपयोगी पडते :

```
jq '.items | group_by(.type) | map(length)' export.json
```

याचे उत्तर `[180, 20, 8, 4]` असे आले पाहिजे, कारण या फाइलीत लॉगिनसाठी 1, टिपणासाठी 2, कार्डासाठी 3 आणि ओळखनोंदीसाठी 4 असे प्रकारक्रमांक असतात. नोंदींची संख्या जुळणे आवश्यक असले तरी पुरेसे नसते, कारण नव्या आज्ञावलीने फाइल घेताना एखादे क्षेत्र वगळलेले असू शकते. म्हणून ही फाइल नव्या ठिकाणी, उदाहरणार्थ 2.7.7 या आवृत्तीपासून बिटवॉर्डनची फाइल थेट स्वीकारणाऱ्या कीपासएक्ससी या आज्ञावलीत, घेतल्यावर काही निवडक नोंदी प्रत्यक्ष वापरून पाहाव्या लागतात. या चाचणीत ज्यात दुसऱ्या टप्प्याचा सहा अंकी संकेत तयार होतो असे एक लॉगिन, पासकी असलेले एक लॉगिन, देवनागरी मजकूर असलेले एक लांब टिपण आणि बिटवॉर्डन खात्याशी जोडलेल्या ईमेलचे लॉगिन एवढ्या गोष्टी असाव्यात. ईमेलची चाचणी विशेष महत्त्वाची ठरते, कारण इतर बहुतेक खात्यांचे विसरलेले पासवर्ड त्याच ईमेलच्या आधारे बदलता येतात, आणि त्याचा पासवर्ड फक्त जुन्या व्हॉल्टमध्ये राहिल्यास ती वाटही बंद होते.

विलोपनाचा क्रम : पडताळणीनंतर काही दिवस नवी व्यवस्थाच वापरून पाहणे आणि मगच विलोपनाकडे वळणे हितकर असते. वेब आवृत्तीत `Settings` मधील `My account` या पानाच्या तळाशी `Danger zone` हा विभाग असून `Purge vault` आणि `Delete account` ही दोन्ही बटणे तेथे असतात. `Purge vault` मुळे वैयक्तिक व्हॉल्टमधील सर्व नोंदी व फोल्डर कचरापेटीत न जाता थेट नष्ट होतात, पण खाते मात्र चालू राहते. `Delete account` मुळे खात्यासह सर्व काही जाते. दुसऱ्या कृतीत पहिलीचा परिणाम अंतर्भूत असला तरी दोन्ही कृती क्रमाने करण्यात एक लाभ आहे : फोन, ब्राउझर आणि संगणक यांवर व्हॉल्टची एकेक कूटबद्ध प्रत साठवलेली असते, आणि खाते जिवंत असेपर्यंत प्रत्येक उपकरण सर्व्हरशी जुळवून घेताना रिकाम्या व्हॉल्टशी समक्रमित होते. प्रत्येक उपकरणावर व्हॉल्ट रिकामा दिसल्याची खात्री करून तेथून लॉगआउट करावे आणि त्यानंतर खाते पुसावे. बराच काळ बंद राहिलेला जुना फोन या यादीतून सहज सुटतो, आणि त्यावरची प्रत तशीच शिल्लक राहू शकते.

वापरकर्ता एखाद्या गटाचा एकमेव मालक असेल तर बिटवॉर्डन खाते पुसू देत नाही. आधी मालकी दुसऱ्या सदस्याकडे सोपवावी लागते किंवा गट पुसावा लागतो. युरोपीय सर्व्हरवरील खाती `vault.bitwarden.eu` वर आणि अमेरिकी सर्व्हरवरील खाती `vault.bitwarden.com` वर असतात व ती परस्परांपासून स्वतंत्र असतात, त्यामुळे दोन्हींकडे खाते उघडलेले असल्यास ते दोन्हींकडे बंद करावे लागते. मुख्य पासवर्ड विसरलेला असल्यास `https://vault.bitwarden.com/#/recover-delete` या पानावर ईमेल देऊन आणि ईमेलवर आलेल्या दुव्याने संमती देऊन खाते पुसता येते, परंतु पत्त्यात ‘रिकव्हर’ हा शब्द असला तरी या मार्गाने कोणतीही नोंद परत मिळत नाही.

निर्यात-फाइलीची विल्हेवाट : व्हॉल्ट पुसल्यानंतर उघडी निर्यात-फाइल डाउनलोड फोल्डरमध्ये पडून राहिल्यास सुरक्षितता आधीपेक्षा घटते, कारण जी माहिती कूटबद्ध होती ती आता कोणालाही वाचता येईल अशा रूपात असते. ही फाइल कचरापेटीतूनही काढावी लागते, आणि तो फोल्डर क्लाउडशी जोडलेला असल्यास तेथील प्रत व तेथील कचरापेटी यांकडेही पाहावे लागते. जुन्या चुंबकीय डिस्कवर फाइलीच्या जागी दुसरा मजकूर लिहून ती नष्ट करता येत असे. आजच्या एसएसडीमध्ये नवा मजकूर बहुधा निराळ्या कप्प्यात लिहिला जातो आणि जुना कप्पा काही काळ तसाच राहतो, त्यामुळे हा उपाय भरवशाचा नाही. म्हणून उघडी फाइल तयार करण्यापूर्वीच संपूर्ण डिस्क कूटबद्ध असावी, किंवा उघडी फाइल मुळात तयारच न करता स्वतंत्र पासवर्डाची कूटबद्ध फाइल वापरावी.

मर्यादा : खाते बंद केल्याने सेवेच्या चालू सर्व्हरवरील माहिती जाते. सेवेच्या राखीव प्रती त्यांच्या ठरलेल्या मुदतीनंतर पुसल्या जातात. युरोपीय संघाच्या जीडीपीआर या नियमावलीतील कलम 17 आणि भारताच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमातील कलम 12 यांनी माहिती पुसून घेण्याचा हक्क मान्य केला असला, तरी आधीच चोरीस गेलेल्या प्रतीपर्यंत हा हक्क पोहोचत नाही. लास्टपास या सेवेने डिसेंबर 2022 मध्ये जाहीर केले, की हल्लेखोराने ग्राहकांच्या व्हॉल्टची राखीव प्रत मिळवली असून तिच्यातील पासवर्ड कूटबद्ध असले तरी संकेतस्थळांचे पत्ते उघडे आहेत. त्यानंतर अनेकांनी आपली खाती पुसली, परंतु चोरलेल्या प्रतीवर त्याचा काहीही परिणाम होणे शक्य नव्हते, कारण ती प्रत ज्याच्याकडे आहे तो दुबळ्या मुख्य पासवर्डांचा अंदाज सवडीने बांधत राहू शकतो. अशा प्रसंगी व्हॉल्टमधील प्रत्येक पासवर्ड त्या त्या संकेतस्थळावर जाऊन बदलणे आणि दुसऱ्या टप्प्याची बीजे नव्याने घेणे हाच उपाय असतो. त्याचा आरंभ ईमेल आणि बँक यांपासून करावा, आणि कोणकोणती खाती बदलायची आहेत याची यादी जुन्या व्हॉल्टमध्येच असल्यामुळे ते काम संपेपर्यंत निर्यात केलेली प्रत जपून ठेवावी.